वर आलेली फरशी: बुटीबोरीच्या एका गोडाऊनचा दावा लवादासमोर कसा मांडला

मी मूळचा सिव्हिल इंजिनियर. गेली काही वर्षं लवादाच्या प्रकरणांत वकिलांना दाव्याचं निवेदन बांधून देण्याचं काम करतो. सही वकिलाची असते. मोजमापं, तारखा, हिशेब आणि निशाण्यांची, म्हणजे पुराव्याच्या क्रमांक दिलेल्या कागदांची, यादी माझ्याकडे असते. हे प्रकरण बुटीबोरीकडच्या एका गोडाऊनचं आहे. पक्षकारांची नावं काढून टाकली आहेत. मालकाला मालक आणि स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्याला सल्लागार म्हणतो.

मालक पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दीडेकशे फोटो होते आणि एक वाक्य होतं: "साहेब, फर्शी वर आली नं जी, शटर लागतच नाही." त्यांच्या आधीच्या माणसाने मसुदा करून दिला होता. त्यात सव्वा कोटींची मागणी होती आणि पहिली तीन पानं सल्लागाराच्या चारित्र्यावर खर्ची पडली होती. फरशी का वर आली, ते कुठेच नव्हतं. कायदा याच्या उलट मागतो. लवाद आणि सलोखा अधिनियम 1996 चं कलम 23 दावेदाराकडे तीन गोष्टी विचारतं: दाव्याला आधार देणारी तथ्यं, वादाचे मुद्दे आणि हवी असलेली दाद. मी ती तीन पानं बाजूला ठेवली आणि कारणापासून सुरुवात केली.

फरशी वर येते म्हणजे काय होतं

गोडाऊन 2,400 चौरस मीटरचं. वर 2.2 मीटर काळी माती, खाली झिजलेला बेसॉल्ट. कॉलमचे फुटिंग 2.6 मीटरवर दगडात टेकवलेले, त्यामुळे ते जागचे हलले नाहीत. फरशी मात्र जमिनीवर पसरलेली होती आणि तिच्याखाली 300 मिलिमीटर मुरूम सोडला तर सगळी काळी मातीच होती.

फेब्रुवारी 2021 च्या माती तपासणी अहवालात फ्री स्वेल इंडेक्स 68 टक्के आहे. ही चाचणी आयएस 2720 भाग 40 मध्ये दिली आहे आणि ती प्रयोगशाळेत उभं राहून पाहिली तर लवादालाही डोळ्यांनी कळते. वाळवलेली, चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही. आमच्या नमुन्यात रॉकेलच्या नळीत माती 10 मिलिलिटरवर होती आणि पाण्याच्या नळीत 16.8 वर. फरक भागिले रॉकेलचं वाचन, म्हणजे 68 टक्के. त्याच अहवालात फुगण्याचा दाब चौरस मीटरला 14 टन दिला होता.

आता उलट बाजूचं वजन बघा. 200 मिलिमीटर काँक्रीटचं चौरस मीटरला अर्धा टन, 300 मिलिमीटर मुरमाचं सुमारे 0.6 टन. म्हणजे रिकाम्या फरशीचं वजन जेमतेम 1.1 टन होतं. माल ठेवला तर आणखी दोन-तीन टन. खालून 14 टनांनी दाबणाऱ्या मातीला हे वजन रोखू शकत नाही. अहवाल लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्याने स्पष्ट शिफारस केली होती: फरशीच्या तळापासून 1.2 मीटर काळी माती काढा, त्या जागी न फुगणारी चिकण भरा, भिंतीलगत पाणी बाहेर टाकणारा उतार आणि नाली द्या.

सल्लागाराच्या ड्रॉइंगवर लिहिलं होतं: 300 मिलिमीटर मुरूम, थराथराने दाबून. नाली नाही, उतारही नाही. तथ्यांचा सगळा भाग या दोन वाक्यांच्या फरकावर उभा आहे: अहवालात 1.2 मीटर, ड्रॉइंगवर 300 मिलिमीटर.

दोष डिझाइनचा की बांधकामाचा

इथेच बहुतेक दावे घसरतात. फरशी बिघडली एवढं सिद्ध झालं, तर सल्लागार म्हणणार कंत्राटदाराने मुरूम नीट दाबला नाही, आणि कंत्राटदार म्हणणार आम्ही ड्रॉइंगप्रमाणे केलं. लवाद फक्त सल्लागाराच्या करारात आहे, कंत्राटदार त्यात पक्षकार नाही. म्हणून बांधकामाचा दोष निवेदनातच खोडून काढावा लागतो. ते उत्तरावर सोडलं तर उशीर होतो.

दोन पुरावे कामाला आले. पहिला लेव्हलचा. कंत्राटदाराने जानेवारी 2022 मध्ये फरशी ओतताना घेतलेली लेव्हल शीट सापडली. तिच्याशी मे 2023 आणि सप्टेंबर 2023 ची मोजणी ताडली. ऑटो लेव्हल, सहा-सहा मीटरचं जाळं, आणि संदर्भ बिंदू म्हणून दगडावर टेकलेल्या दोन कॉलमच्या तळपट्ट्या. संदर्भ बिंदू बाहेरच्या कंपाउंडवर घेतला असता, तर तोही काळ्या मातीवर असल्याने हलला असता आणि मोजणी निकामी झाली असती. उत्तरेकडच्या भिंतीजवळचा सर्वांत उंच बिंदू मे महिन्यात मूळ पातळीपेक्षा 41 मिलिमीटर वर होता. सप्टेंबरमध्ये तोच 62 मिलिमीटर झाला. दबाईत कसूर असली तर फरशी खाली बसते, आणि बसलेली फरशी पावसाळ्यात परत वर येत नाही. हे वाक्य मी निवेदनात तसंच ठेवलं, कारण लवाद इंजिनियर नसला तरी त्याला ते पटतं.

दुसरा पुरावा खड्ड्यांचा. मालकांना फरशी ताबडतोब फोडायची होती. मी थांबवलं. सल्लागाराला पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त पाहणी ठेवली. ते स्वतः आले नाहीत, पण त्यांचा माणूस आला. चार ठिकाणी फरशी कापली. मुरमाचा थर टेपने मोजला: 280, 305, 310, 295. त्यांच्या माणसाने पंचनाम्यावर सही केली आणि मातीचे नमुने त्याच्यासमोर सीलबंद झाले. ड्रॉइंगने 300 मागितले होते आणि जागेवर सरासरी 300 च्या जवळच निघाले. कंत्राटदाराने सांगितलेलं केलं होतं. सांगणंच चुकलं होतं.

दुरुस्ती फेब्रुवारी ते एप्रिल 2024 मध्ये झाली. पाहणीआधी ती झाली असती, तर हा मुद्दा आमच्या फोटोंवर टिकवावा लागला असता. फोनमधल्या फोटोंचा मला फारसा भरवसा नाही.

एक कबुलीही निवेदनात दिली. उत्तर भिंतीवरचा पावसाच्या पाण्याचा पाइप भाडेकरूच्या ट्रकने फुटला होता आणि महिनाभर पाणी पायथ्याशी पडत राहिलं. बिघडलेल्या एकूण 1,500 चौरस मीटरपैकी त्याचा परिणाम झालेलं क्षेत्र आम्ही 100 चौरस मीटर धरलं आणि मागणीतून काढलं. मालक नाराज झाले. पण सल्लागाराचा पहिला बचाव हाच असणार होता. तो आपणच मोजून दिला, की उरलेल्या 1,400 चौरस मीटरवर त्यांना दुसरं कारण शोधावं लागतं.

करारातून काय उभं राहतं

करार म्हणजे नोव्हेंबर 2020 चं नेमणूक पत्र, पाच पानांचं. त्यातली तीन कलमं पुरेशी होती. कलम 4 मध्ये "माती तपासणी अहवालावर आधारित" डिझाइन करण्याचं बंधन होतं. कलम 7 मध्ये फरशीसह सर्व महत्त्वाच्या टप्प्यांवर जागेची पाहणी करण्याचं. आणि कलम 11 मध्ये जबाबदारीची मर्यादा: मिळालेल्या फीपुरती, घोर निष्काळजीपणा वगळून. फी नऊ लाख होती.

कलम 4 मुळे काम सोपं झालं. एरवी सल्लागाराने वाजवी काळजी घेतली का, हे ठरवायला दुसऱ्या तज्ज्ञाला आणून "जाणता इंजिनियर काय करेल" यावर वाद घालावा लागतो. इथे कराराने स्वतःच मोजपट्टी दिली होती, ती म्हणजे माती अहवाल. आम्ही तज्ज्ञाचा अहवाल जोडला, पण कराराचा भंग अहवाल आणि ड्रॉइंग शेजारी ठेवल्यावर दिसत होता.

कलम 11 चं काय करायचं, यावर वकिलांचं आणि माझं बरंच बोलणं झालं. त्यांचा कल ते कलम निवेदनात न आणण्याकडे होता. माझं मत उलट. कागद त्यांच्याकडेही आहे आणि ते पहिल्या पानावर काढणारच आहेत. शेवटी ते शब्दशः दिलं आणि पुढे लिहिलं की हे प्रकरण अपवादात का बसतं. चूक एकदा नजरेतून सुटली असती तर मर्यादा लागू होण्याचा युक्तिवाद बळकट होता. पण ड्रॉइंगवरच्या टीप 4 मध्ये "माती अहवाल पाहा" असं लिहिलं आहे, म्हणजे अहवाल हाताशी होता. आणि जानेवारी 2022 च्या पाहणी टिपणात सल्लागाराच्या सहीने लिहिलं आहे: "300 मिमी मुरूम थर पाहिला. फरशीचं काँक्रीट टाकण्यास हरकत नाही."

या टिपणाने आणखी एक काम केलं. आमच्या पहिल्या पत्राला उत्तर देताना सल्लागाराने म्हटलं होतं की सप्टेंबर 2021 मध्ये ड्रॉइंगची आर2 आवृत्ती निघाली, तिच्यात 1.2 मीटर भराव होता आणि कंत्राटदाराने जुनी आवृत्ती वापरली. सोबत आर2 ची प्रत होती. ती आम्ही निवेदनात लपवली नाही. आवक-जावक नोंदवही आर1 ला थांबते. त्या तारखेचा एकही ईमेल नाही. कंत्राटदाराच्या चालू बिलांत भरावाची बाब नाही. आणि आर2 खरोखर निघाली असती, तर चार महिन्यांनी स्वतः जागेवर येऊन 300 मिलिमीटरला हरकत नाही असं लिहिणार कोण? साइटवरची आर1 ची प्रत मी पाहिली आहे. कडा फाटलेल्या, चहाचा गोल डाग, आणि कोपऱ्यात "गुड फॉर कन्स्ट्रक्शन" शिक्का, 2 जुलै 2021.

ड्रॉइंगची तारीख मुदतीच्या प्रश्नातही महत्त्वाची ठरली. करारभंगाच्या दाव्याला मुदत अधिनियम 1963 च्या अनुच्छेद 55 प्रमाणे तीन वर्षं मिळतात, आणि ती भंग झाल्यापासून मोजतात. तडा दिसला त्या दिवसापासून मोजता येईल, असं मालकांनी गृहीत धरलं होतं. पहिली तक्रार ऑगस्ट 2022 ची, त्यामुळे ते निवांत होते. आम्ही सर्वांत कडक मोजणी धरली: ड्रॉइंगच्या पहिल्या आवृत्तीची, आर0 ची, तारीख 18 जून 2021, म्हणजे तीन वर्षं 18 जून 2024 ला संपतात. लवाद अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे लवाद सुरू होतो तो सामनेवाल्याला सूचना मिळाल्याच्या दिवशी. पाठवल्याचा दिवस धरत नाहीत. नोंदणीकृत पोस्टाची पोहोच 22 मे 2024 ची आहे. सव्वीस-सत्तावीस दिवस हातात होते. सर्वोच्च न्यायालयाने कोविडकाळात 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला आहे. तो आधारही आम्ही दुसऱ्या ओळीचा म्हणून दिला, पण दावा त्याच्यावर टेकवला नाही.

रक्कम: काय मागायचं आणि काय सोडायचं

सव्वा कोटीच्या मसुद्यात मानसिक त्रास, बाजारातली पत, आठ महिन्यांचं भाडं आणि दुरुस्तीचा पूर्ण खर्च होता. करार अधिनियमाच्या कलम 73 प्रमाणे भंगातून सरळ उद्भवलेलं, किंवा करार करताना दोन्ही पक्षांना माहीत असलेलं नुकसान मिळतं. दूरचं मिळत नाही. आणि नुकसान कमी करण्यासाठी हाताशी असलेले उपाय त्याच कलमाखाली विचारात घेतले जातात. पत आणि त्रास पहिल्याच दिवशी गेले.

दुरुस्तीचा खर्च चौरस मीटरला 3,600 रुपये आला. जुनी फरशी तोडून वाहून नेणं 450, काळी माती उकरून टाकणं 500, भराव आणून दाबणं 950, नवीन फरशी 1,700. एकूण 1,500 चौरस मीटर, म्हणजे 54 लाख. बिलं आहेत, बँकेतून पैसे गेले आहेत. मालकांना वाटत होतं ही रक्कम हातोहात मिळेल.

मिळणार नाही, आणि का नाही हे समजावायला मला एक पूर्ण दुपार लागली. सल्लागाराने बरोबर डिझाइन दिलं असतं, तर 1.2 मीटर उकरणं आणि भराव मालकांना 2021-22 मध्येच करावं लागलं असतं आणि त्याचे पैसे त्यांनीच दिले असते. तेव्हाच्या दराने ते चौरस मीटरला 1,200 रुपये होतं. ते पैसे तेव्हा वाचले. आता ते सल्लागाराकडून मागितले, तर मालकाला बरोबर पाया फुकट मिळतो. पण मुरमावर त्यांनी 250 रुपये घातले होते आणि ते वाया गेले, म्हणून ते परत जोडायचे. 3,600 अधिक 250 उणे 1,200 म्हणजे 2,650. गुणिले 1,400, म्हणजे 37 लाख 10 हजार.

"म्हणजे आपणच त्यांचे पैसे वाचवून देऊ लागलो का?" मालकांनी विचारलं. मी म्हटलं, दादा, हा वजाबाकीचा मुद्दा त्यांच्या तज्ज्ञाने उलटतपासणीत काढला तर तुमची बाकीची आकडेमोडही संशयाखाली येईल. ते गप्प झाले. पटलं की थकले, माहीत नाही.

भाड्याचंही असंच झालं. भाडेकरूने बाधित भागापुरतं दरमहा अडीच लाख भाडं कापलं होतं. मालकांनी आठ महिन्यांचं मागितलं होतं, पण काम प्रत्यक्षात तीन महिन्यांत झालं. बाकीचे पाच महिने कंत्राटदाराशी दराची घासाघीस करण्यात गेले. तीन महिन्यांचे साडेसात लाख, त्यातून कबूल केलेल्या 100 चौरस मीटरचा वाटा वजा करून सात लाख. चाचण्या आणि लेव्हल सर्व्हेचे 1 लाख 60 हजार. एकूण मागणी 45 लाख 70 हजार. सगळे आकडे जीएसटी सोडून. मालकांनी इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर कर परत मागता येत नाही, म्हणून सीएचं प्रमाणपत्र वेगळं जोडलं. लवाद अधिनियमाच्या कलम 31(7) खाली व्याज आणि 31अ खाली खर्च वेगळे मागितले. पर्यायी मागणीही लिहिली: कराराच्या कलम 11 ची मर्यादा लागू ठरली, तर किमान नऊ लाख.

निशाण्यांची यादी

कागद 94 होते, यादीत 31 गेले. प्रत्येक ओळीला पाच रकाने ठेवले: निशाणी क्रमांक, तारीख, काय आहे, पान, आणि निवेदनातला कोणता परिच्छेद ती सिद्ध करते. पाचवा रकाना माझा हट्ट आहे. तो भरता आला नाही तर तो कागद यादीत जात नाही. मालकांच्या दीडशे फोटोंपैकी नऊ उरले ते याच कारणाने. काही ओळी अशा:

दा-4, फेब्रुवारी 2021, माती तपासणी अहवाल, पान 22 ते 61, परिच्छेद 9 व 10.
दा-7, 2 जुलै 2021, ड्रॉइंग आर1, शिक्क्याची साइट प्रत, पान 70, परिच्छेद 11.
दा-12, जानेवारी 2022, सल्लागाराचं पाहणी टिपण, पान 88, परिच्छेद 14 व 27.
दा-19, डिसेंबर 2023, संयुक्त पाहणीचा पंचनामा, पान 131 ते 138, परिच्छेद 18.

क्रम तारखेचा ठेवला, कारण वाचणाऱ्याला गोष्ट तशीच उलगडते. लेव्हलच्या तिन्ही मोजण्या मात्र एकाच निशाणीत शेजारी-शेजारी लावल्या, कारण त्या ताडूनच अर्थ लागतो.

ईमेल आणि फोटो यांना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलं, हॅश मूल्यासह. लवाद अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे लवादावर साक्ष्याचा कायदा बंधनकारक नाही, पण प्रमाणपत्र नाही या एका कारणावर दोन सुनावण्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख टिकत नाही, म्हणून नऊही फोटो ज्या फोनने काढले त्या फोनमधूनच घेतले.

दोन्ही बाजूंच्या संमतीने ऑगस्ट 2024 मध्ये एकच लवाद नेमला गेला, बैठकीचं स्थान नागपूर. दाव्याचं निवेदन आणि त्यावरचं उत्तर हे दोन्ही नेमणुकीच्या सूचनेपासून सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवेत. आम्ही ऑक्टोबरमध्ये दाखल केलं, 41 पानं. उत्तरात अपेक्षेप्रमाणे कलम 11 पहिल्या पानावर होतं आणि फुटलेला पाइप दुसऱ्या पानावर. पाइपबद्दल त्यांनी 400 चौरस मीटरचा दावा केला आहे, पण मोजणी जोडलेली नाही. दा-12 बद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली: सही नाकारत नाही, मजकूर घाईत लिहिला गेला.